विकेटची किंमत: शिल्लक चेंडू, शिल्लक गडी आणि यायच्या धावा
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



२ एप्रिल २०११ची रात्र आठवत नाही असा माणूस या सभागृहात सापडणे कठीण. वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेने सहा बाद २७४ केल्या होत्या आणि भारताला जिंकायला २७५ हव्या होत्या. त्या रात्री भारताचे चार गडी बाद झाले. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर पायचीत झाला. सचिन १८ धावा करून मलिंगाच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला आणि स्टेडियम एकदम गप्प झाले. कोहली ३५वर गेला. गंभीरचा ९७वर त्रिफळा उडाला आणि घराघरांतून ‘अरेरे’ निघाले.

मी तुम्हाला विचारले, की या चारांपैकी कोणती विकेट भारताला सर्वांत महागात पडली, तर उत्तरे दोन प्रकारची येतील. काही जण म्हणतील सचिनची, कारण तो सचिन होता. काही म्हणतील गंभीरची, कारण तो जमलेला होता आणि शतक तीन धावांवर होते. आज मला या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत काढून दाखवायचे आहे. किती धावांना कोणती विकेट पडली, असा हिशेब. त्यासाठी जी पद्धत लागते ती समजायला शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे काही लागत नाही.

डाव चालू असताना कुठल्याही क्षणी थांबा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: चेंडू किती उरले, आणि गडी किती उरले? एवढ्यालाच डावाची ‘अवस्था’ म्हणायचे. आतापर्यंत किती धावा झाल्या, कोणी केल्या, कोणाचा झेल सुटला, हे सगळे बाजूला ठेवायचे. आता प्रश्न असा: या अवस्थेतून इथून पुढे सरासरी किती धावा व्हायला हव्यात? प्रत्येक अवस्थेला असा एक आकडा चिकटवला की कोष्टक तयार होते. उभ्या बाजूला षटके, आडव्या बाजूला पडलेले गडी, आणि प्रत्येक घरात यायच्या धावा. माझे पुढचे सगळे बोलणे या एका कोष्टकाभोवती आहे.

हे कोष्टक प्रसिद्ध झाले ते पावसामुळे. १९९२च्या विश्वचषकात सिडनीला इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांची उपांत्य लढत होती. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, तेवढ्यात पाऊस आला. पाऊस थांबला तेव्हा धावफलकावर झळकले: एका चेंडूत २२. खरे तर गरज २१ची होती, पण त्याने कोणाचे दुःख कमी होणार? तेव्हाचा नियम असा, की जितकी षटके गेली तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटके वगळायची. वगळलेल्या दोन षटकांत इंग्लंडने मिळून एकच धाव केली होती. चेंडू बारा गेले आणि लक्ष्य एका धावेने उतरले. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी अशाच कोष्टकावर मांडलेली पद्धत त्या दिवशी लागू असती, तर शेवटच्या चेंडूवर जिंकायला पाच आणि बरोबरीला चार धावा लागल्या असत्या. म्हणजे एक चौकार किंवा षटकार. अवघड, पण क्रिकेटमध्ये बसणारे. ही पद्धत १ जानेवारी १९९७ला हरारेला झिंबाब्वे-इंग्लंड सामन्यात पहिल्यांदा वापरली गेली आणि पुढे जगभर रुजली. २०१४पासून ऑस्ट्रेलियाचे स्टीव्हन स्टर्न तिची देखभाल करतात, म्हणून आता नावात तिसरे अक्षर आले आहे.

पावसाचे प्रकरण मात्र इथेच सोडतो. कोष्टकाचा खरा उपयोग कोरड्या दिवशी जास्त आहे, असे माझे मत आहे.

कोष्टक बांधतात कसे, ते एका कोपऱ्यातून पाहू. कोपरा अशासाठी, की हे काम शेवटाकडून सुरुवातीकडे करायचे असते. डाव संपला, चेंडू शून्य उरले, तर यायच्या धावा शून्य. दहा गडी बाद झाले, तरीही शून्य. या दोन कडा आपल्याला फुकट माहीत आहेत. आता नऊ गडी बाद आहेत, शेवटची जोडी खेळते आहे आणि एकच चेंडू उरला आहे, अशी कल्पना करा. समजा, ही जोडी चेंडूमागे सरासरी एक धाव काढते आणि दर अकरा चेंडूंना एक गडी बाद होतो. मग एक चेंडू उरलेला असताना यायची सरासरी धाव: एक.

दोन चेंडू उरले असताना काय? पहिल्या चेंडूवर सरासरी एक धाव येईल. त्या चेंडूवर बाद न होण्याची शक्यता अकरात दहा. बाद झाले तर सगळे संपले, नाही झाले तर आपण मघाच्याच ‘एक चेंडू उरला’ या अवस्थेत येऊन पडतो आणि तिची किंमत आपण आत्ताच काढली आहे. म्हणून एक अधिक दहा-अकरांश, म्हणजे १.९१. तीन चेंडू उरले असतील, तर एक अधिक १.९१चा दहा-अकरांश, म्हणजे २.७४. असे मागे मागे चालत राहायचे. पाच षटके मागे आलो, की बेरीज १०.४पर्यंत पोचते. दहा षटके मागे गेलो तर १०.९६. आणि वीस, तीस, पन्नास षटके मागे गेलो तरी अकराच्या पुढे ती जात नाही. शेवटच्या जोडीला अख्खा दिवस दिला तरी तिची किंमत अकरा धावा, कारण ती टिकणारच सरासरी अकरा चेंडू.

नऊ बाद सोडून इतर घरांसाठी नियम हाच, फक्त बाद झाल्यावर डाव संपत नाही, शेजारच्या रकान्यात सरकतो. उरलेले चेंडू b आणि पडलेले गडी w असे लिहिले, तर सगळी पद्धत एका ओळीत मावते:

V(b, w) = r + p × V(b−1, w+1) + (1−p) × V(b−1, w)

इथे r म्हणजे त्या अवस्थेत चेंडूमागे येणाऱ्या सरासरी धावा आणि p म्हणजे त्या चेंडूवर गडी बाद होण्याची शक्यता. दोन्ही आकडे अवस्थेनुसार बदलतात: अठ्ठेचाळिसाव्या षटकात दोनच गडी बाद असतील तर r मोठा आणि p सुद्धा मोठा, कारण तेव्हा सगळेच उंच मारतात. वाइड आणि नो-बॉलला धाव मिळते पण चेंडू खर्च होत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. बाकी काही नाही. न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठातल्या स्कॉट ब्रुकर आणि शेमस होगन यांनी अशाच मागून पुढे येणाऱ्या हिशेबावर ‘वास्प’ नावाचे गणित उभे केले, आणि तिथल्या दूरचित्रवाणीवर सामना चालू असताना पडद्यावर त्याचे आकडे दिसू लागले.

डकवर्थ-लुईस या वाटेने गेले नाहीत. त्यांनी झालेल्या सामन्यांच्या आकड्यांवर एक वक्ररेषा बसवली: प्रत्येक ‘गडी बाद’ रकान्यासाठी एक कमाल धावसंख्या, आणि षटके वाढतील तसतशी त्या कमालीकडे झपाट्याने सुरू होऊन नंतर मंदावत जाणारी रेषा. मजा अशी, की आपण शेवटच्या जोडीसाठी हाताने जी बेरीज केली, ती सूत्रात लिहिली तर नेमक्या याच जातीची वक्ररेषा निघते. आणि त्यांच्या २००२च्या कोष्टकात नऊ बादच्या रकान्यात पन्नास षटके असोत की दहा, आकडा एकच आहे: ४.७ टक्के. हे टक्के पूर्ण डावाचे. पूर्ण डाव त्या काळी सरासरी २३५चा धरत. २३५चे ४.७ टक्के म्हणजे अकरा धावा. मघाशी मी अकरा चेंडूंना एक गडी असे उगाच घेतले नव्हते.

या कोष्टकातले आणखी थोडे आकडे सांगतो, पुढे लागतील. एकही गडी बाद नाही आणि पन्नास षटके शिल्लक, तेव्हा १००. तसेच बिनबाद, चाळीस षटके उरताना ८९.३, तीस उरताना ७५.१, वीस उरताना ५६.६ आणि दहा उरताना ३२.१. म्हणजे दहाही गडी हातात असतील तर पहिल्या दहा षटकांची किंमत डावाच्या जेमतेम १०.७ टक्के आणि शेवटच्या दहांची ३२.१ टक्के. तिप्पट. आता सात गडी बाद झालेला रकाना बघा: पन्नास षटके शिल्लक असताना २२.०, आणि चाळीस शिल्लक असतानाही २२.०. तिथे दहा षटके कोणी चोरून नेली तरी संघाचे काही जात नाही, कारण तो संघ तितका वेळ खेळणारच नाही. चेंडूची किंमत गड्यांवर आणि गड्याची किंमत चेंडूंवर अवलंबून असते. दोघांची किंमत वेगवेगळी ठरवू गेलो की हिशेब चुकतो.

सलामीच्या षटकांत हे नीट बघण्यासारखे आहे. पहिल्या दहा षटकांत गडी तेवढेच ठेवले तर एका षटकाची किंमत साधारण १.०७ टक्के, म्हणजे २३५च्या डावात अडीच धावा. पण सलामीवीर त्या काळी षटकामागे पाचेक धावा काढत. मग वरच्या अडीच धावा फुकट मिळाल्या का? नाही. पहिला गडी बाद झाला की १०० टक्क्यांचे ९३.४ होतात. ६.६ टक्के म्हणजे साडेपंधरा धावा गेल्या. दर षटकाला अडीच धावांची वरकड जमते आणि सहा षटकांनी एक विकेट पडून ती सगळी घेऊन जाते. हिशेब जुळला. प्रत्येक अवस्थेत हे असेच जुळायला हवे: चेंडूवर येणारी सरासरी धाव ही चेंडूची किंमत आणि विकेटचा धोका, या दोहोंची भरपाई असते. कोष्टक चुकीचे बांधले असेल तर ते इथेच पकडता येते. एखाद्या घरात वरकड सतत उरते आहे असे दिसले, की समजावे, त्या घराच्या शेजारचा आकडा खोटा आहे.

ऑस्ट्रेलियातले संख्याशास्त्रज्ञ स्टीफन क्लार्क यांनी १९८८मध्ये हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला. धावगती वाढवली की बाद होण्याचा धोका किती वाढतो हे धरून, प्रत्येक अवस्थेत किती वेगाने खेळावे हे त्यांनी शोधले. पहिल्या डावात संघ सुरुवातीला जितके जपून खेळतात त्यापेक्षा वेगाने खेळावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे जयसूर्या-कालुवितरणा यांच्या १९९६च्या विश्वचषकाच्या आठ वर्षे आधीचे. कोणत्याही कर्णधाराने तो लेख वाचला असेल असे मला वाटत नाही.

आता वानखेडेवर परत जाऊ. मी २००२चे छापील कोष्टक घेतो आहे, कारण ते कागद-पेन्सिलीने चालते. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांना संगणकावरची सुधारित पद्धत होती, तिचे आकडे थोडे वेगळे येतील. मधल्या षटकांसाठी मी शेजारच्या घरांवरून अंदाज घेतला आहे, म्हणून एखाद्या धावेचा फरक समजून घ्या.

पद्धत अशी. श्रीलंकेच्या २७४ धावा म्हणजे १०० टक्के. एखाद्या क्षणी भारताकडे समजा ८१ टक्के शिल्लक आहे, म्हणजे १९ टक्के खर्च झाले. खर्चलेल्या १९ टक्क्यांत २७४चे १९ टक्के, म्हणजे ५२ धावा व्हायला हव्या होत्या. या ५२ला आपण ‘बरोबरीची धावसंख्या’ म्हणू. प्रत्यक्ष धावा याहून जास्त असतील तर भारत पुढे, कमी असतील तर मागे.

सेहवाग गेला तेव्हा धावफलक शून्यावर एक. ६.६ टक्के गेले, म्हणजे १८ धावांचा फटका. सचिन गेला तो ६.१ षटकांत, दोन बाद ३१ असताना. तो बाद होण्याआधी एक गडी गेलेला आणि त्रेचाळीस षटके पाच चेंडू शिल्लक: ८८ टक्के, बरोबरी ३३. भारत ३१वर, जवळपास बरोबरीत. म्हणजे सेहवागच्या विकेटचा फटका सचिन-गंभीरने पाच-सहा षटकांत बहुतेक भरून काढला होता, हे त्या गोंधळात कोणाच्या लक्षात आले नसेल. सचिन परतला आणि शिल्लक ८१ टक्क्यांवर आली, बरोबरी ५२. भारत २१ धावांनी मागे. सचिनची विकेट १९ धावांना पडली.

पुढे गंभीर आणि कोहली यांनी ८३ धावा जोडल्या. एकविसाव्या षटकानंतर चौथ्या चेंडूवर दिलशानने स्वतःच्या गोलंदाजीवर कोहलीचा झेल घेतला, तीन बाद ११४. त्याआधीच्या क्षणी शिल्लक ६५ टक्के आणि बरोबरी ९६ होती. भारत १८ धावांनी पुढे. कोहली बाद झाला की शिल्लक ६० टक्के, बरोबरी ११०. विकेटची किंमत १४ धावा, आणि भारत अजूनही चार धावांनी पुढेच.

मग धोनी युवराजच्या आधी स्वतः आला. त्याने आणि गंभीरने १०९ जोडल्या. ४१.२ षटकांत गंभीरला थिसारा परेराने त्रिफळाचीत केले, चार बाद २२३. तेव्हा आठ षटके आणि चार चेंडू शिल्लक. तीन बाद असताना शिल्लक २६.५ टक्के, चार बाद झाल्यावर २५.३. फरक १.२ टक्का. गंभीरची विकेट तीन धावांना पडली. ज्या विकेटवर सगळे हळहळले, ती चारांत सर्वांत स्वस्त. शतक हुकले हे खरेच, पण ते गंभीरचे नुकसान होते, संघाचे नव्हते.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला विकेटच्या हिशेबापेक्षाही महत्त्वाची वाटते. भागीदाऱ्या मोजून पाहा. गंभीर-कोहली सुरू झाले तेव्हा भारत २१ धावांनी मागे होता, आणि ते संपताना, कोहली बाद होण्याआधी, १८ धावांनी पुढे. त्या जोडीने ८३ धावा केल्या, त्यातल्या ४४ खर्चलेल्या चेंडूंच्या किमतीत गेल्या आणि ३९ निव्वळ कमाई. धोनी-गंभीर यांनी १०९ केल्या, पण त्यातल्या ९१ चेंडूंच्या किमतीत गेल्या, निव्वळ कमाई १८. चेंडू नंतर महाग होतात म्हणून असे घडते. त्या रात्रीची सगळी छायाचित्रे धोनीच्या षटकाराची आहेत, आणि असावीतच. पण सामना वळला तो सातव्या आणि बाविसाव्या षटकांच्या दरम्यान, गंभीर आणि बावीस वर्षांचा कोहली एकेरी-दुहेरी धावा चोरत होते तेव्हा. माझा कौल त्या भागीदारीला.

आता या मोजपट्टीला कुठे भेगा आहेत, ते सांगायला हवे. पहिली भेग तुम्ही केव्हाच ओळखली असेल: कोष्टकाला नावे माहीत नाहीत. त्याच्या लेखी ‘दोन बाद’ म्हणजे दोन बाद, मग तंबूत सचिन गेलेला असो की पुढे पाठवलेला तळाचा फलंदाज. हा दोष बऱ्यापैकी सुधारता येतो, खेळाडूगणिक r आणि p वेगळे धरून, पण मग प्रत्येक फलंदाजासाठी पुरेशा चेंडूंची नोंद लागते.

दुसरी भेग जास्त फसवी आहे. कोष्टक झालेल्या सामन्यांवरून बनते. पंचवीस षटकांत पाच गडी बाद असलेले संघ गोळा करून त्यांच्या पुढच्या धावांची सरासरी काढली, तर त्या गोळ्यात कमकुवत संघ आणि खराब खेळपट्ट्या यांचीच गर्दी होते, कारण अशी अवस्था त्यांच्याच वाट्याला जास्त येते. त्या घरातला आकडा मग अवस्थेचा राहत नाही, त्यात संघाचा दुबळेपणाही मिसळतो. ताकदवान संघ चांगल्या खेळपट्टीवर त्याच अवस्थेत सापडला, तर कोष्टक त्याला कमी लेखते आणि विकेटची किंमत आहे त्याहून जास्त दाखवते. हे ओळखायची खूण सोपी आहे: त्या अवस्थेतले सामने संघांच्या एकूण ताकदीप्रमाणे दोन गटांत वाटा. दोन्ही गटांच्या पुढच्या सरासऱ्या फार लांब पडल्या, तर कोष्टकात ही मिसळ झाली आहे. चेंडूगणिक मागे येणाऱ्या हिशेबात हा दोष थोडा कमी होतो, कारण तिथे एका चेंडूपुरतेच r आणि p लागतात, अख्ख्या उरलेल्या डावाची सरासरी लागत नाही. पण पूर्ण जात नाही. आणि चाळीस षटके शिल्लक असताना नऊ बाद, अशा घरात मुळात सामनेच इतके थोडे असतात, की तिथे वक्ररेषेवर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नाही.

तिसरी भेग मोठ्या धावसंख्येची. २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताविरुद्ध दोन बाद ३५९ केल्या. छापील कोष्टकाने पंचवीस षटकांनंतर एकही गडी न गमावलेल्या संघाची शिल्लक ६६.५ टक्के येते, म्हणजे खर्च ३३.५. ३५९च्या ३३.५ टक्के म्हणजे १२०. म्हणजे अर्ध्या डावात बिनबाद १२० झाल्या असत्या आणि पाऊस येऊन सामना संपला असता, तर भारत बरोबरीत, जरी उरलेल्या पंचवीस षटकांत जवळजवळ २४० धावा काढायच्या राहिल्या असत्या तरी. हे उघडच वेडगळ आहे. इतका मोठा डाव उभारणारा संघ शेवटी एकदम उसळलेला नसतो, तो सुरुवातीपासूनच वेगात असतो, म्हणून मोठ्या डावांची वक्ररेषा सरळ होत जायला हवी. नंतरच्या संगणकी आवृत्तीत ती तशी केली गेली, आणि म्हणूनच ती हाताने काढता येत नाही. वीस षटकांच्या क्रिकेटला हाच प्रश्न जोरात बोचला. २०१०च्या विश्व ट्वेन्टी-२० स्पर्धेत गयानाला इंग्लंडने पाच बाद १९१ केल्या आणि पावसानंतर वेस्ट इंडीजला सहा षटकांत ६० एवढेच लक्ष्य मिळाले. इंग्लंडचा कर्णधार कॉलिंगवूड संतापला. माझ्या मते तो बरोबर होता. एकही गडी बाद नसताना सहा षटकांत साठ म्हणजे वीस षटकांच्या खेळात रोजचे काम.

आपल्याकडची कांगा लीग या सगळ्याच्या बाहेरची आहे, हेही जाता जाता सांगतो. पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर खेळल्या जाणाऱ्या त्या सामन्यांत एकदिवसीय कोष्टकातला एकही आकडा चालणार नाही. तिथे p वेगळा, r वेगळा, सगळेच वेगळे. ज्या खेळाचे कोष्टक, त्याच खेळाच्या नोंदींतून ते बांधायला हवे.

शेवटची भेग या पद्धतीच्या गाभ्यातच आहे. मघाशी कोहली बाद होण्याच्या आधीच्या क्षणी भारत १८ धावांनी पुढे होता. गंभीर बाद झाल्यानंतरही भारत १८ धावांनीच पुढे होता. कोष्टकाच्या लेखी दोन्ही क्षण सारखे. पण तुम्ही पैज कोणत्या क्षणी लावाल? अर्थात दुसऱ्या. पहिल्या क्षणी अठ्ठावीस षटकांहून जास्त खेळ उरला होता, त्यात दोन झटपट विकेट पडायला भरपूर जागा होती. दुसऱ्या क्षणी नऊ षटकेही उरली नव्हती, आणि १८ धावांची आघाडी एवढ्या अवकाशात सहजासहजी वितळत नाही. सरासरी यायच्या धावा सांगणारे कोष्टक त्या धावा किती इकडेतिकडे होतील हे सांगत नाही. पहिला डाव खेळताना सरासरी पुरते, कारण तिथे काम जास्तीत जास्त धावा करण्याचे असते. पाठलागात काम एका ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचण्याचे असते, तिथे जिंकण्याच्या शक्यतेचे दुसरे कोष्टक लागते. तेही याच मागून पुढे येणाऱ्या पद्धतीने बांधतात, फक्त अवस्थेत तिसरा आकडा वाढतो: किती धावा हव्यात. घरे मग काही हजारांची काही लाख होतात, आणि कागद-पेन्सिल तिथे संपते.

आपल्या जिल्ह्यात, तालुक्यात मर्यादित षटकांच्या स्पर्धा पोत्याने होतात आणि त्यांच्या गुणपत्रिका सामन्यानंतर बहुधा वहीत किंवा कचऱ्यात जातात. ज्या वहीत जातात त्यांत गडी किती धावांवर पडला हे असते, पण कितव्या षटकात, कितव्या चेंडूवर पडला हे बहुतेक वेळा नसते. त्या एका आकड्याशिवाय त्या सामन्याची एकही अवस्था पुन्हा उभी करता येत नाही. इथे कोणी गुणलेखक बसले असतील, तर त्यांना माझी एवढीच विनंती आहे: विकेट पडली की धावसंख्येच्या शेजारी षटक आणि चेंडू लिहा, आणि त्या वह्या जपून ठेवा. दोन-तीन हंगामांच्या वह्या जमल्या की तुमच्या मैदानाचे, तुमच्या खेळपट्टीचे पहिले कच्चे कोष्टक त्यातून बांधायला बसता येईल.